वेरूळच ठरवेल तुमच्या सहलीचा वेग

छत्रपती संभाजीनगरला जाताना अजिंठ्याची गाडी आधीच ठरवून टाकू नका. पहिला दिवस फक्त वेरूळला द्या (मंगळवारी बंद असतं). सकाळी १६ क्रमांकाचं कैलास लेणं निवांत पाहा, मग जेवण. त्यानंतरही ३२ क्रमांकाची जैन लेणी पाहायला पाय आपसूक वळले, तर दुसऱ्या दिवशी अजिंठा खुशाल करा. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर होतात, सोमवारी सुट्टी. पण मूर्ती नीट न पाहताच फोटो काढून पुढे सरकू लागलात, तर ती थकव्याची खूण. मग अजिंठा सोडा आणि वेरूळलाच पुन्हा या. सोबतच्यांचा कल वेगळा असेल तर दुपारनंतर वाटा वेगळ्या केलेल्या बऱ्या.