एरंडेलात छर्रा सोडून टर्मिनल स्पीड मोजायचा, तर चौपट का येत नाही?

घट्ट द्रवात पडणारा छर्रा शेवटी एकाच कायम वेगानं उतरायला लागतो, तो टर्मिनल स्पीड. छर्र्याची त्रिज्या दुप्पट केली की हा स्पीड चौपट होतो, हे सगळ्यांना पाठ असतं. आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सगळ्यांचे चौपटच येतात. मला त्याच जर्नलांचा जास्त संशय येतो, कारण साध्या काचेच्या नळीत प्रामाणिकपणे मोजलं तर चौपट येत नाही, साडेतीनच्या वर नि चारच्या खाली कुठंतरी येतं. ते का येतं आणि त्यातनं खरा चौपटीचा नियम कसा बाहेर काढायचा, एवढंच इथं सांगतोय.

आधी सामान. एरंडेल तेल साधारण अर्धा लिटर, सांगलीत गणपती पेठेत सहज मिळतं, फक्त औषधी मिसळलेलं किंवा वासाचं घेऊ नका, साधं स्वच्छ घ्या. काहीजण हौसेनं काकवी वापरतात, आपल्याकडं घरात असतेच म्हणून, पण तिच्यातनं छर्रा दिसत नाही आणि प्रत्येक डब्यातली काकवी वेगळी, तेव्हा तो नाद सोडा. खाली तळ बंद असलेली उभी काचेची नळी, आतला व्यास ४ सेंटीमीटर, उंची ४० च्या आसपास. स्टीलचे छर्रे तीन मापांचे: अर्धं सूत, पाऊण सूत आणि एक सूत. एक सुताचे सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात, बाकीचे बेअरिंगच्या दुकानात मिळतात. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलीमीटर व्यास, त्यामुळं तिघांच्या त्रिज्या २:३:४ अशा पडतात आणि हिशोब सोपा होतो. स्क्रू गेजनं तरी मोजून घ्याच, झिरो एरर बघून, कारण त्रिज्येचा वर्ग होतो तेव्हा तिच्यातली चूकही दुप्पट होते.

नळीवर दोन दोरे गुंडाळायचे, वरचा तेलाच्या पातळीपासून ८-१० सेंटीमीटर खाली, दुसरा त्याच्याखाली बरोबर २० सेंटीमीटरवर. तळापासूनही ८-१० सोडायचे, कारण तळ जवळ आला की छर्रा परत मंदावतो. डोळा दोऱ्याच्या पातळीत.

आता एक सल्ला जो मला अजिबात पटत नाही. "टर्मिनल स्पीड यायला वेळ लागतो, म्हणून वरची अर्धी नळी मोकळी सोडा." एरंडेलात एक सुताच्या छर्र्याला तो स्पीड गाठायला सेकंदाचे काही शतांश पुरतात आणि तेवढ्यात तो दोन मिलीमीटरही खाली आलेला नसतो. वरचं अंतर सोडायचं ते छर्रा सोडताना हललेलं तेल शांत व्हावं नि छर्रा सरळ चाललाय का ते बघायला मिळावं म्हणून. पाण्यासारख्या पातळ द्रवाची गोष्ट वेगळी, पण तिथं हा नियमच लागू होत नाही.

सोडताना छर्रा आधी वेगळ्या वाटीत तेलात बुडवून घ्या, नाहीतर तो बरोबर हवेचा बुडबुडा घेऊन जातो आणि आरामात उतरतो. चिमट्यानं, तेलाच्या पृष्ठभागाच्या खाली नेऊन, नळीच्या मधोमध सोडायचा. भिंतीकडं सरकलेलं रीडिंग सरळ फेकून द्या, सरासरीत घालू नका. वर काढायला बाहेरनं लोहचुंबक लावून सरकवत आणायचा, फक्त मोजताना चुंबक लांब ठेवा.

अर्धं सूत आणि पाऊण सूत स्टॉपवॉचवर भागतं. एक सूत चार सेकंदात २० सेंटीमीटर जातो, तिथं बोटाचा ०.२ सेकंदाचा उशीर म्हणजे पाच टक्के गेले, म्हणून त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि फ्रेम मोजा.

इथवर सगळं सोपं आहे. खरं दुखणं पुढं.

नियम काय म्हणतो ते आधी डोक्यात पक्कं असू द्या. छर्र्याला खाली ओढणारं वजन, त्यातनं तेलानं वर ढकललेलं वजा करून, त्रिज्येच्या घनाबरोबर वाढतं. तेलाचा विरोध मात्र त्रिज्या आणि वेग यांच्या गुणाकाराबरोबर वाढतो. दोन्ही सारखे झाले की वेग वाढायचा थांबतो, घनाला एका त्रिज्येनं भागलं की उरतो वर्ग. स्टोक्सनं १८५१ साली छापलेला हिशोब हाच, यात v टर्मिनल स्पीड, r छर्र्याची त्रिज्या, ρ छर्र्याची घनता, σ तेलाची घनता, g गुरुत्वाचं त्वरण आणि η तेलाची व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा:

```
v = 2 r² (ρ − σ) g / (9 η)
```

पण हा हिशोब चारी बाजूंनी अमर्याद तेल आहे असं धरून केलाय. आपल्याकडं चार सेंटीमीटरची नळी आहे. छर्रा खाली जातो तेव्हा त्यानं बाजूला सारलेलं तेल वर यायला पाहिजे, आणि ते छर्रा नि काच यांच्यामधल्या जागेतनंच येणार, काचेला चिकटलेलं तेल तर हलतच नाही. म्हणजे छर्र्याला उलट्या प्रवाहातनं उतरावं लागतं. बघायला गेलं तर तीन मिलीमीटरचा छर्रा चार सेंटीमीटरच्या नळीत अगदी मोकळा वाटतो, भिंतीचा काय संबंध असं कुणीही म्हणेल, आणि नेमकं इथंच सगळे फसतात. घट्ट तेलात छर्र्यानं केलेली हालचाल फार लांबवर पोचते. लाडेनबर्गनं दिलेली दुरुस्ती अशी, r छर्र्याची त्रिज्या आणि R नळीची आतली त्रिज्या, v नळीत मोजलेला वेग आणि v∞ अमर्याद तेलात आला असता तो:

```
v∞ = v (1 + 2.4 r/R)
```

एक सुताला r/R निघतं १.५९ भागिले २०, म्हणजे ०.०८ च्या आत. किरकोळ वाटतं ना? त्याला २.४ नं गुणलं की १९ टक्के होतात! अर्ध्या सुताला साडेनऊच टक्के. म्हणजे मोठ्या छर्र्याला भिंत जास्त अडवते, लहानाला कमी, आणि त्यांच्या वेगांची तुलना करायला गेलं की चौपट कमी भरते.

आकडे घालून बघू. तेल २५ अंशावर धरा. २० सेंटीमीटरला अर्धं सूत साधारण १५.२ सेकंद घेतो, पाऊण सूत ७.०४, एक सूत ४.१२. वेग झाले सेकंदाला १३.२, २८.४ आणि ४८.५ मिलीमीटर. एक सूत भागिले अर्धं सूत, ३.६८. चार नाही. प्रत्येक वेगाला त्याच्या मिलीमीटरमधल्या त्रिज्येच्या वर्गानं भागा, नियम सरळ लागू असता तर तिन्ही आकडे सारखे यायला पाहिजे होते, पण येतात २०.९, २०.० आणि १९.३, पायरीपायरीनं उतरलेले. ही उतरण एका दिशेनं आहे, हे महत्त्वाचं. हाताची चूक असती तर आकडे वरखाली झाले असते. आता भिंतीची दुरुस्ती लावा, १.०९५, १.१४३ आणि १.१९ नं गुणा. तिन्ही येऊन बसतात २२.९ च्या आसपास. हा झाला वर्गाचा खरा नियम. ह्याच २२.९ वरनं तेलाची व्हिस्कॉसिटी काढली, स्टील ७.८ आणि तेल ०.९६ घनतेचं धरून, की ०.६५ पास्कल-सेकंद मिळते. दुरुस्ती न करता एक सुतावरनं काढलीत तर ०.७७ येईल, आणि मग लोक तेलात भेसळ आहे म्हणत दुकानदाराशी भांडत बसतात.

लाडेनबर्गवर विश्वास नसेल तर ग्राफ काढा. आडव्या अक्षावर त्रिज्या, उभ्यावर त्रिज्येचा वर्ग भागिले वेग. बिंदू चढत्या सरळ रेषेत येतात, ती रेषा मागं शून्य त्रिज्येपर्यंत वाढवली की जो आकडा मिळतो त्याचा व्यस्त म्हणजे तेच २२.९. शून्य त्रिज्येला भिंत नसल्यात जमा असते, म्हणून.

मग जर्नलमध्ये बरोबर चार कुठनं येतं? काही वेळा मागच्या बाकावरनं येतं, ते सोडा. पण प्रामाणिकपणेही येऊ शकतं आणि ते जास्त वाईट, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात. एरंडेलाची व्हिस्कॉसिटी २० अंशाला साधारण ०.९९ असते आणि ३० अंशाला ०.४५, म्हणजे एका अंशाला जवळपास आठ टक्के फरक. आता मार्च-एप्रिलमध्ये सांगलीत सकाळी नऊला बसा, आधी लहान छर्र्याची सगळी रीडिंग, मग मधला, मग मोठा, असं क्रमानं करत गेलात की अकरा वाजेपर्यंत खोली तापलेली, तेलही एखादा अंश वर गेलेलं. मोठ्या छर्र्याचा वेग आठ टक्क्यांनी फुगला आणि ३.६८ चं झालं ३.९७. पोरगं खूश, सरही खूश, आणि भिंतीचा परिणाम कुणाला दिसलाच नाही.

म्हणून क्रमानं घेऊ नका. लहान, मधला, मोठा, मग परत मोठा, मधला, लहान, अशा फेऱ्या करा. त्याच मापाचं पहिलं आणि शेवटचं रीडिंग जुळत नसेल तर तेल तापलंय, दुसरं काही नाही. थर्मामीटर तेलातच ठेवा, खोलीतला चालणार नाही, फक्त छर्रा सोडताना बाहेर काढा. नळी खिडकीत ठेवू नका, हातात धरून तर अजिबात मोजू नका. तेल आदल्या रात्री नळीत ओतून ठेवलं की बुडबुडेही निघून जातात आणि तापमानही स्थिरावतं.

आणखी मोठे छर्रे घ्यायचा मोह होतो, दीड सुताचे वगैरे, म्हणजे फरक ठळक दिसेल म्हणून. नको. दीड सुताला भिंतीची दुरुस्ती २९ टक्क्यांवर जाते, शिवाय वेग इतका वाढतो की तेलाचं जडत्वही विरोधात भर घालायला लागतं, जडत्व घट्टपणाच्या मानानं किती ते सांगणारा रेनॉल्ड्स नंबर ०.७ च्या घरात जातो आणि स्टोक्सचा हिशोबच सुटायला लागतो. एक सुतालाही त्याचा थोडा स्पर्श असतो, काही टक्के, त्यामुळं तिथं २२.९ ऐवजी थोडं कमी आलं तर घाबरू नका. ठळक फरक पाहिजे असेल तर उलटं करा, छर्रे तेच ठेवा आणि नळी बदला. आठ सेंटीमीटर व्यासाच्या बरणीत तेच छर्रे सोडले की भिंतीची दुरुस्ती निम्मी होते आणि ३.६८ चं प्रमाण ३.८३ च्या आसपास सरकतं. तेल मात्र चौपट लागेल.

झाल्यावर तेल गाळून झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच चालतं. छर्रे पुसून थोडं तेल लावूनच ठेवा, गंजलेल्या छर्र्याचा व्यास स्क्रू गेजला काहीही दिसतो.