थ्रीडी प्रिंटची ताकद घरी तपासताय? या चुका टाळा

‘नोझल २२० अंशांवर ठेवलं की प्रिंट मजबूत होतो, २०० वर लेयर सुटतात.’ असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, दोन्ही वेळी प्रिंटरच्या बेडवर तुकडे किती होते? बहुतेक वेळा एकदा एक आणि एकदा पाच असतात, आणि तुलना तिथेच फसते.

पीएलए प्लास्टिकच्या ८० × १० × ४ मिमीच्या पट्ट्या उभ्या छापल्या, की लेयर एकमेकांना किती घट्ट चिकटले ते कळतं. पण एकच पट्टी छापताना नोझल काही सेकंदांत त्याच जागी परत येतं. खालचा लेयर अजून गरम असतो, त्यामुळे जोड चांगला बसतो. पाच पट्ट्या एकत्र छापल्या तर प्रत्येक लेयरला थंड व्हायला वेळ मिळतो आणि जोड कच्चा राहतो. मग फरक तापमानाचा की या वेळेचा, हे सांगता येत नाही. म्हणून दर खेपेला पाचच पट्ट्या, त्याच जागी आणि त्याच रिळातून छापा.

चाचणी साधी आहे. दोन गोल दांड्या ६० मिमी अंतरावर ठेवा, त्यावर पट्टी आडवी टाका आणि बरोबर मधोमध रुंद पट्ट्याने बादली लटकवा. बारीक दोरी नको, ती पट्टीत रुतते. प्रिंटची शिवण, म्हणजे प्रत्येक लेयर जिथे सुरू होऊन संपतो ती उभी रेघ, नेहमी वरच्या बाजूला ठेवा, कारण ताण खालच्या पृष्ठावर येतो आणि शिवण तिथे असली की तडा तिथूनच सुरू होतो. बादलीत एकाच भोकाच्या बाटलीतून संथ पाणी सोडा. पट्टी तुटताच धार थांबवा आणि बादली पाण्यासकट वजन करा. पाणी घाईत ओतलं तर आकडा फुगतो. उलट, भार तसाच टांगून ठेवला तर पीएलए हळूहळू वाकत जातं आणि कमी वजनालाही तुटतं.

जाडी न मोजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. वाकवण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. ४.० ऐवजी ४.२ मिमी निघाली तर तेवढ्यानेच पट्टी सुमारे १० टक्के जास्त भार घेते. प्रत्येक पट्टी मधोमध कॅलिपरने मोजा आणि पट्टी तुटली ते वजन रुंदी × जाडी × जाडी या गुणाकाराने भागून मगच तुलना करा.

समजा, सारख्याच मापाच्या पट्ट्या २०० अंशांवर ५.८, ६.४, ६.१, ४.१, ६.३ किलोला तुटल्या आणि २२० वर ६.९, ७.४, ६.६, ७.२, ७.० ला. सगळ्यात कमकुवत २२० वालीही २०० च्या सगळ्यात चांगलीपेक्षा वर आहे, म्हणजे फरक खरा दिसतो. ती ४.१ वाली मात्र नुसती खुपते म्हणून वगळू नका. तुटलेला भाग भिंगाखाली पाहा. पोकळी किंवा अर्धवट भरलेला लेयर दिसला, तर कारण लिहून ठेवून बाजूला काढा आणि पाचही पट्ट्या पुन्हा छापा. काहीच दिसलं नाही तर ती राहू द्या.

हा आकडा फक्त या पट्ट्यांपुरता आहे. त्यावरून कुठला हुक किती किलो पेलेल ते काढू नका.