आधीचा निरोप की नंतरचा? मुंबईत कामाला नवीन आलेल्यांसाठी

मस्जिद बंदर, भिवंडी किंवा वसईकडे गोदामात, डिस्पॅचवर लागणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे लिहितोय. खोली कुठे बघायची, लोकलचा पास कसा काढायचा हे इथे कोणीही सांगेल. पण सकाळी एक सांगितलं आणि संध्याकाळी दुसरंच, तर कोणतं धरायचं, हे कोणी शिकवत नाही, आणि नवी मुलं दरवर्षी तिथेच अडकतात.

मागच्या पावसाळ्यात सोलापूरकडचा एक मुलगा अडकला. सोमवारी शेठचा मेसेज होता, "शुक्रवारी ४० पेट्या भिवंडी, सकाळी ९ च्या आत." बुधवारी रात्री मॅनेजरचा आला, "उद्या वसईला ४०." त्याने धरलं की शेवटचा मेसेज खरा. गुरुवारी होत्या त्या ४० पेट्या वसईला गेल्या आणि शुक्रवारी भिवंडीला द्यायला काही उरलं नाही. मॅनेजरला वेगळ्या ४० पेट्या हव्या होत्या. त्या दुसऱ्या गोदामातून काढायच्या होत्या आणि सोमवारचा निरोप त्याने पाहिलाही नव्हता. परत टेम्पो, परत हमाली, आणि भाडं मुलाच्या पगारातून कापलं. हे कापणं मला आजही पटत नाही.

नंतरचा मेसेज आधीचा पुसतोच असं नाही. कधी तो सगळं बदलतो. कधी एकच गोष्ट बदलतो, म्हणजे जागा बदलते पण ९ ची वेळ तशीच राहते. कधी ते वेगळंच, जास्तीचं काम असतं. आणि कधी लिहिणाऱ्याला आधीचं माहीतच नसतं. "ऐवजी" किंवा "रद्द" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि पाठवणारा माणूस दुसरा असेल, तर विचारल्याशिवाय हलू नका.

आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारणं बरं दिसत नाही. इथले शेठही प्रश्नाने वैतागतात, पण टेम्पोची फुकट फेरी त्यांना त्याहून जास्त लागते. वैताग येतो तो प्रश्न मोघम असतो म्हणून. "शेठ, नक्की काय करू?" असं विचारलं की त्यांना दोन्ही मेसेज आठवत बसावं लागतं. "भिवंडी की वसई?" विचारलं तर गडबडीत "हो" एवढंच उत्तर येतं, किंवा नुसता अंगठा. त्यातून काहीच कळत नाही.

त्या मुलाने असं लिहायला हवं होतं: "शेठ, सोमवारी तुम्ही शुक्रवारच्या भिवंडीसाठी ४० पेट्या सांगितल्या. आज मॅनेजर साहेबांनी उद्या वसईला ४० सांगितल्या. गोदामात ४० च आहेत. मी त्या भिवंडीसाठी ठेवतो, वसईच्या ४० वेगळ्या समजतो. बरोबर ना? वसईचा टेम्पो उद्या ८ ला भरायचा आहे." आता "हो" म्हटलं तरी अर्थ एकच निघतो. हा मेसेज दोघेही असलेल्या ग्रुपवर टाका, आणि आधीच्या मेसेजलाच रिप्लाय करा म्हणजे तो वर दिसतो. एकाला खासगीत विचारलंत तर दुसरा अंधारातच राहतो. ७ पर्यंत उत्तर नसेल तर सरळ फोन करा, आणि फोनवर ठरलेलं एका ओळीत ग्रुपवर लिहा.

उत्तर येईपर्यंत हात बांधून बसू नका. पेट्या मोजणं, लेबल तपासणं दोन्ही कामांना लागतंच, ते उरकून घ्या. थांबवायचं ते मागे न फिरणारं. ई-वे बिल, म्हणजे गाडीने माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, त्यातलं मुख्य. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ते साधारणपणे लागतं. गाडीचा नंबर नंतर बदलता येतो, पण माल पोचवायची जागा चुकली तर बिलात दुरुस्ती होत नाही. २४ तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं, आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासलं असेल तर रद्दही करता येत नाही. म्हणून जागेबद्दल शंका असेल तोवर बिल काढू नका.

पैशांचं वेगळं. "आता या खात्यात टाका" असा नवा मेसेज आला, तर त्याच मेसेजवर खात्री करू नका. आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून माणसाचा आवाज ऐका. खोलीच्या डिपॉझिटलाही हेच.

आणि शेठचं उत्तर आलं की काम संपलं असं समजू नका. जुना निरोप टेम्पोवाल्याला, हमालांच्या मुकादमाला आणि गोदामाच्या वॉचमनला तुम्हीच दिलेला असतो. ते तुमच्या ग्रुपवर नसतात. प्रत्येकाला फोन करून काय रद्द आणि काय कायम ते सांगा, आणि त्यांच्याकडून जागा आणि वेळ परत म्हणून घ्या.