स्कीमचा क्लेम येणे बाकीत धरला, आणि नफा जागेवर आला

नाशिकमधल्या ज्या भांडी-मिक्सरच्या दुकानाचे हिशेब मी बघतो, तिथे दिवाळीच्या महिन्यात मिक्सरवर तोटा दिसायचा. जीएसटी सोडून ३,२०० ला घेतलेला मिक्सर एरवी ३,६०० ला जायचा. स्कीममध्ये गिऱ्हाइकाला ५०० ची सूट, म्हणजे विक्री ३,१०० आणि नगामागे १०० चा तोटा. ते ५०० कंपनी भरून देणार होती, पण क्रेडिट नोट यायची जानेवारीत आणि तेव्हाच वहीत चढायची.

आता महिनाअखेरीलाच जर्नल एंट्री करतो. ४० मिक्सर विकले, तर ‘कंपनी क्लेम येणे’ २०,००० नावे आणि मिक्सरच्या खरेदी खर्चात तेवढेच जमा. नगाची खरी किंमत २,७०० पडते आणि नेहमीचा ४०० चा नफा दिसतो. मात्र दर आणि तारखा असलेलं कंपनीचं स्कीमचं पत्र हातात असेल तरच. सेल्समनच्या तोंडी शब्दावर मी क्लेम धरत नाही.

टॅलीत प्रत्येक स्कीमला वेगळा बिल रेफरन्स देतो. त्यामुळेच यंदा क्रेडिट नोट १८,५०० ची आली हे लगेच कळलं. तीन बिलांवर मिक्सरचा सिरीयल नंबर नव्हता, म्हणून १,५०० नामंजूर. दुकानातली वॉरंटी कार्डं काढून दोन नंबर सापडले, ते पुन्हा पाठवले. तिसऱ्याचे ५०० खर्चात टाकले. वसूल न होणारी रक्कम येणे म्हणून ठेवायची नाही.