सबस्क्रिप्शन शेअर करताय? हिशोबात या चुका टाळा

समजा घरात चौघं राहतात. स्ट्रीमिंगचा वर्षाचा प्लॅन घेतला, कार्डवरून २४०० कटले, माणशी ६०० ठरले आणि सगळ्यांनी देऊनही टाकले. इथपर्यंत कोणी भांडत नाही. खरी गंमत पाच महिने झाले की सुरू होते, एकजण घर सोडतो आणि पुढचे दोन महिने त्याची जागा रिकामी राहून मग नवीन माणूस येतो.

आता पाच जण झाले म्हणून २४०० ला ५ ने भागायचं ही सगळ्यात कॉमन चूक. ४८० येतात, पण मग जाणाऱ्याने ५ महिने बघून ४८० दिले, नव्यानेही ५ महिन्यांचे ४८० दिले आणि वर्षभर बघणाऱ्यांचेपण तेवढेच, हा कुठला न्याय? डोकी नका मोजू, महिने मोजा. महिन्याचे २००, माणशी ५०. जाणाऱ्याचे २५० झाले, त्याला ३५० परत. नव्याकडून २५० आले. उरले १००, ते त्या दोन रिकाम्या महिन्यांचे, आणि तिथेच सगळं अडतं. माझ्या मते ते उरलेल्या तिघांनी वाटून घ्यावेत, साधारण ३३-३३, कारण लॉगिन त्यांच्याकडे आहे. काही घरांत बदली मिळेपर्यंत जाणाराच भरतो, तेही चालतं, फक्त ते प्लॅन घेतानाच ठरलेलं हवं. आणि हो, जाणाऱ्याला त्याच दिवशी सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करून पासवर्ड बदला, नाहीतर पैसे परत घेऊनही तो बघतच बसतो.

दुसरी चूक शीटमध्ये नावापुढे नुसतं टिक मारायची. कोणी अर्धेच दिले, कोणी म्हणालं "त्या दिवशीच्या किराण्यातून वळते कर", की टिकचा अर्थच राहत नाही. त्यापेक्षा प्रत्येक व्यवहाराच्या ओळी लिहा: तारीख, नाव, कशाचे, रक्कम. ज्याने दिले त्याला प्लस, ज्याच्यावर पडले किंवा ज्याला मिळाले त्याला मायनस. म्हणजे कार्डवाल्याला +२४००, मग चौघांना प्रत्येकी -६००, आणि एकाने कार्डवाल्याला ६०० दिले की देणाऱ्याला +६००, कार्डवाल्याला -६००. किराण्याचंपण असंच वेगळं लिहायचं, मनातल्या मनात वळतं करायचं नाही. रक्कम वेबसाइटवरची नाही, टॅक्स धरून कार्डवरून खरंच कटलेली घ्या.

A मध्ये तारीख, B मध्ये नाव, C मध्ये कशाचे, D मध्ये रक्कम असेल आणि F2 मध्ये नाव टाकलं तर त्याची बाकी अशी निघते:

```
=SUMIFS(D:D,B:B,F2)
```

उत्तर मायनस आलं तर त्याच्याकडून येणं आहे. सगळ्यांची मिळून, म्हणजे अख्ख्या D कॉलमची, बेरीज शून्यच यायला हवी (३३-३३ मुळे एखादा रुपया इकडेतिकडे झाला तर सोडा). नाही आली आणि फरक एखाद्या पेमेंटएवढाच असेल तर त्याची एकच बाजू लिहिली गेलीये, बरोबर दुप्पट असेल तर कुठेतरी प्लसचं मायनस झालंय. बेरीज शून्य येऊनही एखाद्याची बाकी चुकीची दिसली तर नावाचं स्पेलिंग बघा, दोन प्रकारे लिहिलेलं नाव शीटला दोन माणसं वाटतात.