वडिलांकडून मुलाला आलेला आजार आणि चार्टवरची दुहेरी रेषा

पुण्यात आनुवंशिक समुपदेशनाचे काम शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांसमोर मी सुरुवातीलाच एक वंशावळ ठेवते, कारण पाठ्यपुस्तकातील सर्वांत भरवशाचा नियम तिथे चुकीच्या उत्तराकडे नेतो. तपशील बदलून तीच येथे मांडत आहे.

चिन्हे थोडक्यात अशी आहेत: चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, भरलेले चिन्ह म्हणजे आजार असलेली व्यक्ती आणि बाण म्हणजे ज्या रुग्णापासून चौकशी सुरू झाली तो रुग्ण. पती-पत्नींना आडवी रेषा जोडते आणि ते रक्ताच्या नात्यातील असतील तर ती रेषा दुहेरी काढतात. एक्स गुणसूत्रावरील सदोष जनुकामुळे होणाऱ्या, म्हणजे एक्स-संलग्न, आजाराची वाहक स्त्री वर्तुळात ठिपका देऊन दाखवतात. पण ठिपका नसलेली स्त्री वाहक नाही, असा अर्थ कधीही काढू नये.

आपल्या चार्टवर बाण एका लहान मुलाकडे आहे. जरा मार लागला की त्याचा गुडघा सुजतो आणि दात पडला की रक्त लवकर थांबत नाही. त्याच्या वडिलांनाही हाच त्रास आहे. आई आणि बहीण यांना त्रास नाही. बहुतेक विद्यार्थी येथे लगेच म्हणतात, की वडील मुलाला वाय गुणसूत्र देतात, एक्स देत नाहीत. म्हणजे हा आजार एक्स-संलग्न नाही, तो प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून सदोष जनुक आले तरी होणारा, असणार. नियम बरोबर आहे. परंतु मुलाला आजार वडिलांकडूनच आला, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

म्हणून आईच्या बाजूची चौकशी करावी लागते. ‘नात्यात लग्न आहे का?’ एवढेच विचारले, तर पुष्कळदा ‘नाही’ असे उत्तर मिळते, कारण मामाची मुलगी करणे ही अनेक घरांत नेहमीची सोयरीक असते. मी मुलाच्या वडिलांना विचारते, ‘लग्नाआधी तुमचे सासरे तुमचे कोण लागत होते?’ या कुटुंबात उत्तर आले, ‘सख्खे मामा.’ पुढच्या प्रश्नात कळले, की त्या मामांनाही आयुष्यभर रक्तस्रावाचा त्रास होता. आडवी रेषा दुहेरी झाली आणि मुलाच्या आईचे वडील, म्हणजे आजोबा, भरलेला चौकोन झाले. त्यांची बहीण म्हणजे मुलाची वडिलांकडची आजी. तिला त्रास नव्हता, तिच्या पतीला नव्हता, आणि त्या भावंडांच्या आईवडिलांनाही नव्हता.

आता तिन्ही शक्यता याच चार्टवर तपासून पाहाव्यात. आजार प्रभावी धरला, तर पणजोबा किंवा पणजी आणि त्यानंतर आजी, अशा दोन पिढ्यांत जनुक असूनही लक्षण दिसले नाही, असे मानावे लागते. एक्स आणि वाय सोडून इतर गुणसूत्रावरील अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच होणारा, आजार धरला, तर पणजोबा आणि पणजी दोघेही वाहक हवेत आणि आजीचा पतीही योगायोगाने वाहकच निघाला पाहिजे. दुर्मीळ आजारात हे अवघड आहे. एक्स-संलग्न अप्रभावी धरला, तर पणजी वाहक होती, एवढेच एक गृहीत पुरते. तिच्याकडून तो एक्स मुलाला आणि मुलीला मिळाला; त्या मुलीने तो आपल्या मुलाला, म्हणजे रुग्णाच्या वडिलांना दिला. इकडे आजोबांनी आपला एकमेव एक्स आपल्या लेकीला दिला, त्यामुळे रुग्णाची आई निश्चित वाहक ठरते, आणि मुलाचा आजार तिच्याकडून आलेला आहे.

तरीही चार्ट केवळ कल दाखवतो. व्हॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचाच दुसरा आजार बहुधा प्रभावी पद्धतीने येतो आणि त्यात जनुक असूनही काहींना लक्षणे जाणवत नाहीत, म्हणून प्रभावी ही शक्यता केवळ रेषांवरून पुसता येत नाही. शिवाय त्या आजारातही रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी घटक ८ कमी भरू शकतो. त्यामुळे घटक ८ आणि घटक ९ यांच्यासोबत व्हॉन विलेब्रँड घटकही मोजावा लागतो. या मुलात आणि वडिलांत फक्त घटक ८ कमी निघाला, म्हणजे हिमोफिलिया ए, आणि तो एक्स-संलग्न आहे.

यानंतर या दांपत्याला सांगायचे प्रमाण नेहमीच्या हिमोफिलियापेक्षा वेगळे होते. प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाल्यास त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगी झाल्यास तिलाही आजार असण्याची शक्यता निम्मीच, कारण वडिलांचा सदोष एक्स प्रत्येक मुलीला मिळतोच. याच कारणाने रुग्णाची निरोगी दिसणारी बहीण किमान वाहक तरी आहेच. वाहक स्त्रियांतही घटक ८ कमी असू शकतो, म्हणून तिच्या वर्तुळात ठिपका देऊन थांबायचे नाही. तिची पातळी मोजून घ्यायची, आणि दात काढणे किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरण्याआधीच मोजायची.