एच पूर्ण, डी अर्धा

सातपूर एमआयडीसीत सीएनसी मिलिंग मशीनवर सेटर म्हणून लागलो त्या पहिल्याच महिन्यात मी 60 मिमीचा चौकोनी बॉस, म्हणजे जॉबचा वर उठलेला भाग, 59.48 चा करून ठेवला. प्रोग्रॅम बरोबर होता, कटर बरोबर होता. चुकलं होतं ते कटरच्या ऑफसेटमधल्या D च्या रकान्यातलं एक वजाबाकीचं गणित.

ड्रॉइंगवर बॉसचा साइज 60, टॉलरन्स -0.02/-0.06. म्हणजे 59.94 ते 59.98, मध्य 59.96. प्रोग्रॅम 60 वरच लिहिलेला असतो. मध्याकडे नेण्याचं काम ऑफसेटचं. बॉसच्या बाजूची पायरी तळाच्या डेटम A पासून 18, टॉलरन्स 0/-0.04, म्हणजे मध्य 17.98.

आधी H, म्हणजे टूलच्या लांबीचा ऑफसेट. Z0 तळावर, म्हणजे व्हाइसमधल्या पॅरललच्या माथ्यावर घ्या. वरच्या कच्च्या फेसवर टच कराल तर ब्लॉकची उंची बदलली की पायरीही बदलेल. पॅरललवर 50 चा ब्लॉक ठेवून टूल टच केलं, मशीन Z -312.450 दिसलं (G54 चा Z शून्य). म्हणून H = -312.450 - 50 = -362.450. प्रोग्रॅममध्ये Z18, हवं 17.98, म्हणून H च्या वेअरच्या रकान्यात -0.020. जेवढा फरक, तेवढाच आकडा.

हीच सवय मला D मध्ये नडली.

10 चा एंडमिल, दर बाजूला 0.2 फिनिशसाठी ठेवायचं म्हणून D 5.200. मोजलं तर 60.40 ऐवजी 60.44 आलं; कटर जरा झिजलेला होता, थोडा वाकतही होता. 59.96 पर्यंत काढायचं 0.48. मी D मधून 0.48 वजा केले, 4.720. पण D म्हणजे त्रिज्या. कटर समोरासमोरच्या दोन्ही बाजूंवर फिरतो, म्हणून D मधला 0.24 चा बदल साइजमध्ये 0.48 दिसतो. योग्य D होता 4.960.

आता मी 59.96 वर एकदम जात नाही. आधी 60.02 धरतो: 60.44 - 60.02 = 0.42, अर्धे 0.21, D 4.990. हलक्या कटमध्ये कटर कमी वाकतो, त्यामुळे अंदाजापेक्षा लहान येण्याची भीती असते. जॉब न काढता मोजतो, मग शेवटचा कट.

सिम्युलेशनवर विसंबू नका, ही चूक तिथे दिसत नाही. आणि ‘D जरा कमी कर’ एवढंच सांगून चहाला जाणाऱ्या सिनियरला थांबवून विचारा, किती आणि कशाच्या अर्ध्याने. माझा मूर्खपणा वाटेल म्हणून मी विचारलं नव्हतं.

घाबरू नका, दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. बॉस असो की पॉकेट, D कमी केला की माल जास्त निघतो.

फक्त नव्या मशीनवर एक बघाच. काही ठिकाणी D चा रकाना व्यासाचा सेट केलेला असतो. 10 च्या कटरसमोर 10.000 च्या आसपास आकडा दिसेल. तिथे मात्र 0.48 पूर्णच वजा होतात.